शेड करपते, डोळ्यांवर बल्ब येतो आणि पान मात्र अंधारात: वाचायच्या टेबल लॅम्पची तपासणी

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टेबल लॅम्पांपैकी बऱ्याच लॅम्पांत विजेचा बिघाड नसतोच. तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. शेडच्या आतल्या अस्तरावर तपकिरी डाग पडतो, किंवा अस्तर प्लास्टिकच्या पाठीपासून सुटून फुगते. अर्धा तास दिवा लावला की करपल्यासारखा वास येतो. वाचताना शेडच्या खालच्या कडेतून बल्ब थेट डोळ्यांत येतो आणि काही वेळाने कपाळ जड होते. छतावर झगझगीत गोल उमटतो, पण हातातले पान मंदच राहते. एलईडी बल्ब वर्षभरसुद्धा टिकत नाही, किंवा तापल्यावर लुकलुकू लागतो.

या तक्रारी एकमेकींपासून वेगळ्या वाटतात, म्हणून लोक त्यांवर वेगवेगळे उपाय करतात, आणि एक उपाय दुसरी तक्रार उभी करतो. डाग पडला म्हणून शेड वर उचलली, की बल्ब डोळ्यांत येतो. तो खुपतो म्हणून कमी वॅटचा बल्ब लावला, की अक्षरे दिसत नाहीत. अक्षरे दिसावीत म्हणून पुन्हा मोठा बल्ब लावला, की नवीन शेडलाही डाग पडतो. माझ्या अनुभवात या फेऱ्याचे मूळ बहुधा एकच असते: बल्ब शेडच्या आत नेमक्या किती उंचीवर आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. ती उंची हार्प ठरवतो. होल्डरच्या दोन्ही बाजूंनी वर जाऊन शेडला माथ्यावर आधार देणारी तारेची जी कमान असते, तिलाच हार्प म्हणतात.

पुढच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या कामापासून सुरू होतात. प्रत्येक वेळी प्लग भिंतीतून काढा आणि बल्ब पूर्ण गार होऊ द्या. नुसते बटण बंद करून होल्डरजवळ हात घालू नका.

आधी बल्बवरचा आणि दिव्यावरचा आकडा वाचा

होल्डरवर, शेडच्या आत किंवा बुडाशी एक छोटी चिठ्ठी असते आणि तिच्यावर जास्तीत जास्त किती वॅट चालतील ते लिहिलेले असते. होल्डर आणि शेड या दोघांवर वेगवेगळे आकडे असतील तर लहान आकडा धरायचा. ही मर्यादा उजेडाची नसून उष्णतेची आहे. जुन्या तारेच्या बल्बमध्ये जाणाऱ्या विजेचा जेमतेम दहावा भाग उजेड होतो आणि बाकीची सगळी उष्णता होते. म्हणून 60 वॅटच्या शेडमध्ये 100 वॅटचा बल्ब लावणे म्हणजे कापडाखाली छोटी शेगडी ठेवण्यासारखेच आहे.

इथे एक गोंधळ वारंवार होतो. एलईडीच्या खोक्यावर ‘60 वॅटच्या बदली’ अशा अर्थाचे काही तरी लिहिलेले असते आणि त्याशेजारी बल्ब प्रत्यक्षात ओढतो ती वीज, समजा 9 वॅट, असते. चिठ्ठीवरच्या मर्यादेशी ताडायचा आकडा हा दुसरा आहे. साध्या 60 वॅटच्या बल्बइतका, म्हणजे साधारण 800 ल्युमेन उजेड देणारा एलईडी 8 ते 9 वॅटचा असतो, आणि 100 वॅटच्या बल्बची बरोबरी करणारा 1500 ल्युमेनच्या आसपासचा एलईडीसुद्धा 60 वॅटच्या मर्यादेच्या पुष्कळ आत बसतो. तारेचा बल्ब अजून वापरात असेल तर सर्वांत आधी तो बदला, कारण करपण्याची निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात.

एलईडीची उष्णता मात्र वेगळ्या जागी साठते. वरचा गोळा कोमट राहतो, पण मानेजवळ जिथे त्याचे विद्युत भाग असतात तो भाग तापतो. शेड वरून बंद असेल किंवा फारच चिंचोळी असेल तर ती गरम हवा आत कोंडते आणि बल्ब लवकर जातो. तापल्यावर लुकलुकणे हे बहुधा याचेच लक्षण असते. दिवा मंद-प्रखर करणाऱ्या डिमरवर असेल तर मात्र आधी बल्ब डिमरला चालणारा आहे की नाही ते पाहा.

बल्ब उजेड कुठे टाकतो ते पाहा

ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. काही एलईडी बल्बांचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक प्लास्टिकचा असतो आणि उजेड फक्त वरच्या घुमटातून बाहेर पडतो. छताला लटकणाऱ्या होल्डरमध्ये तो उलटा टांगला जातो, म्हणून ठीक चालतो. टेबल लॅम्पमध्ये बल्ब उभा असतो, त्यामुळे त्याचा बहुतेक उजेड छताकडे जातो. खोली अंधारी करून दिवा लावा. छतावरचा गोल झगझगीत आणि दिव्याच्या बुडाभोवतीचे टेबल मळकट दिसले, तर दोष वॅटचा नाही, बल्बच्या घडणीचा आहे. ज्याचा दुधी गोळा जवळजवळ मानेपर्यंत खाली येतो असा बल्ब घ्या, किंवा काचेच्या आत उभ्या तारांसारख्या पट्ट्या असलेला एलईडी घ्या, पण तोही दुधी काचेचाच. पारदर्शक काचेतल्या त्या पट्ट्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांना टोचतात.

दिवा सरकवून पाहा

बल्ब वाढवण्याआधी दिवा जवळ आणा. थेट उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून दिवा पानापासून 80 सेंमीवरून 60 सेंमीवर आणला की त्याच बल्बचा उजेड पानावर जवळपास पावणेदोनपट होतो. यासाठी खर्च काहीच नाही आणि एक वॅटही वाढत नाही. दिवा किंचित बाजूला आणि खांद्याच्या थोडा मागे असावा. अगदी समोर असेल तर गुळगुळीत कागद चमकतो आणि अक्षरे पुसट होतात.

शेड सरळ बसली आहे का

डागाची जागा बरेच काही सांगते. डाग एकाच बाजूला, बल्बच्या माथ्याच्या उंचीवर असेल तर शेड कललेली आहे आणि तिथे कापड बल्बजवळ आले आहे. वरच्या तोंडाभोवती सगळीकडे सारखा तपकिरी पट्टा असेल तर वॅट जास्त आहेत किंवा वरचे तोंड लहान आहे, कारण बल्बवरून चढणारी गरम हवा त्याच कड्याला घासून बाहेर जाते.

कलण्याचे कारण बहुतेक वेळा हार्पच्या पायथ्याशी सापडते. होल्डरखाली खोगिरासारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी असते, तिच्या दोन कानांत हार्पचे दोन पाय बसतात आणि पायांवरच्या छोट्या नळ्या खाली सरकून त्यांना अडकवून ठेवतात. एक नळी वर राहिली किंवा पाय कानाबाहेर निसटला की शेड वाऱ्यावरच्या टोपीसारखी एका बाजूला झुकते. नळ्या वर सरकवा, कमानीच्या दोन्ही बाजू बोटांनी किंचित दाबा, पाय नीट बसवा आणि नळ्या पुन्हा खाली आणा. माथ्यावरची बोंडी बोटांनीच घट्ट करा. पक्कड लावली की आटे घसरतात. शेडच्या वरच्या कड्यातल्या आडव्या तारा वाकल्या असतील तर त्या हाताने सावकाश सरळ करता येतात.

हार्प मोजा

फेऱ्याचे मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू या. हार्प सहसा 7 ते 12 इंचांत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने मिळतात, आणि लांबी पायाच्या टोकापासून माथ्यावर शेड टेकते त्या सपाट जागेपर्यंत मोजतात. हार्प लांब घेतला तर शेड वर जाते आणि बल्ब शेडच्या खालच्या तोंडाजवळ येतो. हार्प आखूड घेतला तर शेड खाली येते आणि बल्ब तिच्या माथ्याजवळ जातो. लांब हार्पने उजेड पसरतो आणि बल्ब उघडा पडतो, तर आखूड हार्पने बल्ब झाकला जातो पण उजेडाचा घेर आवळतो आणि माथा तापतो.

शेजारच्या काकूंचा पलंगाशेजारचा दिवा या बाबतीत चांगला दाखला आहे. शेड खाली 40 सेंमी आणि वर 15 सेंमी व्यासाची, उंची 25 सेंमी, आणि हार्प 8 इंचांचा, म्हणजे 20 सेंमी. चिठ्ठी 60 वॅटची होती आणि बल्ब 100 वॅटचा, जुन्या तारेचा. हार्पचा एक पाय सुटून शेड भिंतीच्या विरुद्ध बाजूला झुकली होती आणि तिकडे कापड बल्बपासून तीन बोटांवर आले होते. साहजिकच तिथे बशीएवढा डाग पडला. काकूंनी शेड बदलली आणि बल्ब कापडापासून लांब राहावा म्हणून 10 इंचांचा हार्प लावला. डाग पुन्हा पडला नाही, पण पडून वाचताना डोळे दिपू लागले. त्यांनी कमी वॅटचा बल्ब लावला, तेव्हा अक्षरे दिसेनात. “दिवाच बदलून टाकते आता,” असे म्हणत त्या तो माझ्याकडे घेऊन आल्या.

आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन मोजमाप केले. खोगिरापासून बल्बच्या मध्यापर्यंत 11 सेंमी होते. शेडच्या वरच्या कडेपासून आडव्या तारा दीड सेंमी खाली होत्या. त्यामुळे 25 सेंमीच्या हार्पवर शेडची खालची कड खोगिराच्या दीड सेंमी वर राहत होती, होल्डरचे पितळ बाहेर दिसत होते आणि बल्बचा मध्य कडेच्या फक्त साडेनऊ सेंमी वर होता. जुन्या 20 सेंमीच्या हार्पवर हेच अंतर साडेचौदा सेंमी झाले असते.

पाच सेंमीने काय फरक पडतो, हे कागदावर न मांडता दोऱ्याने दाखवता येते. दिवा बंद आणि गार असताना दोऱ्याचे एक टोक बल्बच्या मध्याशी धरायचे, दोरा शेडच्या खालच्या कडेला टेकवून ताणायचा आणि तसाच सरळ पुढे न्यायचा. दोऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या डोळ्याला बल्ब दिसत नाही, आणि दोऱ्याखाली असलेल्या पानावर बल्बचा थेट उजेड पडतो. म्हणजे डोळे दोऱ्याच्या वर आणि पुस्तक दोऱ्याखाली, एवढेच साधायचे असते.

काकू उशीला टेकून वाचत. त्यांचे डोळे दिव्यापासून आडवे 60 सेंमीवर आणि जमिनीपासून 78 सेंमी उंच होते, तर पुस्तक दिव्यापासून 50 सेंमीवर आणि 65 सेंमी उंचीवर होते. बल्बचा मध्य जमिनीपासून 111 सेंमीवर होता. लांब हार्पवर दोरा 60 सेंमीच्या अंतरावर पोहोचेपर्यंत बल्बच्या मध्यापासून साधारण साडेअठ्ठावीस सेंमी खाली, म्हणजे साडेब्याऐंशी सेंमी उंचीवर आला. डोळे त्याच्या खाली होते, म्हणून बल्ब थेट दिसत होता. आखूड हार्पवर तोच दोरा साडेत्रेचाळीस सेंमी खाली, म्हणजे साडेसदुसष्ट सेंमीवर उतरला. डोळे आता दहा सेंमी वर राहिले. हार्प पाच सेंमीने बदलला आणि डोळ्यांपाशी फरक पंधरा सेंमीचा पडला. पुस्तकाच्या जागी, 50 सेंमीवर, दोरा अजून 75 सेंमीच्या आसपास होता, म्हणजे पान उजेडातच राहिले.

म्हणून 8 इंचांचाच हार्प परत लावला, दोन्ही पाय नीट बसवले, आणि 9 वॅटचा, मानेपर्यंत दुधी असलेला एलईडी लावला. बल्बच्या माथ्यापासून हार्पच्या माथ्यापर्यंत सहा सेंमी जागा राहिली. एलईडीसाठी ती पुरेशी आहे. काकूंनी तारेचाच बल्ब वापरायचा हट्ट धरला असता, तर मी त्यांना 40 वॅटच्या वर जाऊ दिले नसते. तारेचा 60 वॅटचा बल्ब असेल तेव्हा मी माथा आणि बाजू मिळून सगळीकडे किमान सात-आठ सेंमी मोकळे ठेवतो. हा माझा कामाचा अंदाज आहे, चिठ्ठीवरच्या मर्यादेला तो पर्याय नाही.

खुर्चीत ताठ बसून वाचणाऱ्याची गोष्ट सोपी असते. त्याचे डोळे जमिनीपासून एक मीटरच्या थोडे वर असतात. शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि खोगीर झाकलेले, एवढे पाहिले की बहुधा पुरते. पलंग आणि खोल सोफा यांच्यासाठी मात्र दोरा ताणून पाहावाच. काही दिव्यांना हार्पच नसतो आणि शेड थेट होल्डरच्या कड्यावर बसते. तिथे उंची बदलता येत नाही, म्हणून बल्ब आखूड किंवा लांब घेऊन पाहावे, नाही तर शेड बदलावी.

शेडचा आकार, सगळ्यांत शेवटी

शेड बदलणे महाग असते आणि बहुतेक वेळा गरजेचेही नसते, म्हणून ती शेवटी. हार्प योग्य असूनही दोरा पुस्तकाच्या अलीकडेच खाली उतरत असेल, तर खालचे तोंड रुंद असलेली शेड हवी. खाली रुंद आणि वर निमुळती होणारी शेड वाचायला मला सर्वांत सोयीची वाटते. मात्र वरचे तोंड फार चिंचोळे नको, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. वर-खाली सारखी, ढोलासारखी शेड हवेला मोकळी वाट देते, पण छतावर पुष्कळ उजेड टाकते आणि उभ्या माणसाला वरून बल्ब दिसतो. घंटेसारख्या आत वळलेल्या शेडमध्ये कंबरेपाशी कापड बल्बच्या जवळ येते. ती घेताना बल्बच्या उंचीवरच अंतर मोजा, तळाशी नको. आतले अस्तर पांढरे असावे. काळ्या किंवा गडद अस्तराची शेड दिवाणखान्यात छान दिसते, पण ती उजेड गिळते आणि मग बल्ब वाढवायचा मोह होतो.

उजेड खुपतो म्हणून शेडवर ओढणी किंवा रुमाल टाकू नका, आणि आतून चकचकीत कागद चिकटवू नका. दोन्हींनी उष्णता कोंडते. ज्या शेडचे अस्तर करपून ठिसूळ झाले आहे ती ठिगळ लावून वापरू नये, टाकून द्यावी.

इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा

बल्ब काढल्यावर होल्डरच्या आत तपकिरी किंवा काळा रंग दिसला, वायरवरचे आवरण बोटाने दाबताच तडकले, किंवा होल्डर हलवल्यावर उजेड येतो-जातो, तर पुढे काही करू नका. ही लक्षणे आतले सांधे सैल झाल्याची किंवा तापल्याची आहेत, आणि नवीन हार्प किंवा शेड त्यांच्यावर नुसते पांघरूण घालील. दिव्याच्या धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटणे, बटणातून चरचर ऐकू येणे, प्लग किंवा बटण हाताला गरम लागणे, मासे किंवा प्लास्टिक जळल्यासारखा वास येणे, दिवा लावताच घरातले स्विच पडणे, यांपैकी एकही आढळले तर प्लग काढून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत दिवा पुन्हा लावू नका. होल्डर बदलणे वरवर सोपे दिसते, पण स्क्रूच्या होल्डरमध्ये दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर बल्बचा बाहेरचा आटा जिवंत राहतो आणि पुढच्या वेळी बल्ब फिरवणाऱ्याचे बोट नेमके तिथे लागते. वायर तपासण्यासाठी दिव्याचे बूड उघडावे लागत असेल, तेव्हाही काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या. त्याला डाग पडलेली जुनी शेड आणि आधी लावलेला बल्बही दाखवा. किती वॅट किती दिवस जळत होते हे कळले की आतली कोणती वायर बदलायची ते त्याला लवकर ठरवता येते.